रात्रभराच्या प्रवासातून ढेकूण घरी येतो तो बॅगेतून

स्लीपर कोचमध्ये किंवा रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये ढेकूण चावला की सगळं लक्ष अंगावर उठलेल्या गांधींकडे जातं. खाज सुटते, झोप मोडते, सकाळी पोचेपर्यंत चिडचिड होते. पण या गांधी आठवडाभरात जातात. बॅगेच्या चेनीच्या कडेला बसून एखादी मादी घरापर्यंत आली, तर मात्र पुढचे कित्येक महिने घरातल्या सगळ्यांची झोप जाते आणि पेस्ट कंट्रोलवर काही हजार खर्च होतात ते वेगळेच. म्हणून या लेखात चावण्यापेक्षा बॅगेबद्दल आणि अंथरुणाबद्दल जास्त सांगणार आहे.

ढेकणाला पंख नसतात आणि तो उडीही मारत नाही. उवेसारखा तो अंगावर किंवा केसात राहत नाही. उपाशी असला की बाहेर येतो, पाच-दहा मिनिटं रक्त पितो आणि लगेच जवळच्या एखाद्या फटीत जाऊन बसतो. मग पुढचे काही दिवस तो तिथून हलतही नाही. पूर्ण वाढलेला ढेकूण मसुराच्या दाण्याएवढा, तांबूस तपकिरी आणि चपटा असतो. नुकतं अंड्यातून निघालेलं पिल्लू दीडेक मिलिमीटरचं, जवळजवळ पारदर्शक असतं, त्यामुळे रक्त प्यायल्याशिवाय ते सहजासहजी डोळ्यांना दिसत नाही. झोपलेल्या माणसाच्या श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड, अंगाची ऊब आणि अंगाचा वास यांवरून त्याला माणूस सापडतो. ढेकणाची विष्ठाही वास सोडते आणि त्या वासाने बाकीचे ढेकूण त्याच फटीत गोळा होतात.

हे लक्षात घेतलं की रेल्वेचा बर्थ त्याला का मानवतो ते समजतं. बर्थवरचं रेक्झिन वरून गुळगुळीत असतं आणि पुसलंही जातं, पण ढेकूण रेक्झिनच्या वर राहत नाही. तो राहतो रेक्झिनच्या शिवणीत, कडेच्या पायपिंगखाली, फोम आणि खालच्या फळीच्या मधे, स्क्रूच्या खोबणीत, साखळी जिथे अडकवतात त्या लोखंडी पट्टीच्या मागे. स्लीपर कोचमधला मधला बर्थ दिवसा खालच्या बर्थची पाठ होतो. म्हणजे त्याच फटीला दिवसा बसलेल्यांची पाठ टेकलेली असते आणि रात्री झोपलेला माणूस. ढेकणाला खाण्यासाठी फार लांब जावंच लागत नाही. एका रेक्झिनला चीर गेली आणि ती वेळेवर बदलली नाही, की आतला फोम त्याच्यासाठी मोकळा होतो.

ट्रॅव्हल्समधल्या स्लीपर बसची गोष्ट माझ्या मते रेल्वेपेक्षा जास्त अवघड आहे. तिथे गादी जाड असते, कप्प्याच्या भिंतीला बऱ्याचदा कापडी किंवा कार्पेटसारखं अस्तर लावलेलं असतं, पडदे असतात, पडद्याच्या दांडीला भोकं असतात. गाडी सकाळी पोचते, दुपारी झाडलोट होते आणि संध्याकाळी तीच गाडी परत निघते. फटींमध्ये शिरून काम करायचं तर गाडी एक-दोन दिवस उभी ठेवावी लागते, आणि सुट्ट्यांच्या हंगामात कोणताही मालक गाडी उभी ठेवायला नाखूश असतो. पांघरूण देतात ते प्रत्येक प्रवाशामागे धुतलं जातंच असं नाही.

एसी कोचमध्ये जाणाऱ्यांना वाटतं की आपण यातून सुटलो. तिथल्या पांढऱ्या चादरी आणि अभ्रे दर प्रवासानंतर धुतले जातात हे खरं. पण लोकरी ब्लँकेट महिन्यातून किमान एकदा धुतलं जातं, असं रेल्वेमंत्र्यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये लोकसभेत सांगितलं होतं. त्याच उत्तरात ब्लँकेटखाली घालायला एक जादा चादर दिली जाते असंही होतं, तर ती चादर खरोखर वापरा आणि ब्लँकेट थेट अंगाला लावू नका. आणि बर्थच्या फटी मात्र एसी असो वा नसो, सारख्याच असतात.

झोपण्यापूर्वीची दोन मिनिटं

बर्थवर चादर टाकण्याआधी मोबाइलची बॅटरी लावून तीन जागा बघा: रेक्झिनची शिवण आणि कोपरे, बर्थ आणि भिंत यांमधली फट, आणि तुमच्या डोक्यावरच्या बर्थची खालची बाजू. बसमध्ये असाल तर गादीचा कोपरा उचलून खालची फळी बघा आणि पडद्याची वरची चुणी उलगडून बघा. बॅटरी सरळ न मारता फटीच्या बाजूने तिरकी मारली की आतलं जास्त नीट दिसतं.

जिवंत ढेकूण दिसण्याची शक्यता कमी, कारण उजेडात तो आत बसून असतो. दिसतात त्या त्याच्या खुणा. सगळ्यात विश्वासाची खूण म्हणजे फटीच्या कडेला झुबक्यांनी पडलेले बारीक काळे ठिपके. ही त्याची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. शंका आली तर ओल्या टिश्यूने ठिपका पुसा. मातीचा किंवा ग्रीसचा डाग असेल तर तो करडा-काळा फासतो किंवा निघतच नाही. ढेकणाचा असेल तर तपकिरी-तांबडा ओघळ येतो. दुसरी खूण म्हणजे टाकलेली कात, ढेकणाच्याच आकाराची पण पोकळ आणि पिवळसर. तिसरी म्हणजे एक मिलिमीटरची पांढरी अंडी, फटीला चिकटलेली. फार ढेकूण असतील तर कुबट गोडसर वासही येतो, पण डब्यातल्या बाकीच्या वासांत तो ओळखणं कठीण.

इथे एक घोळ नेहमी होतो. रेल्वेच्या डब्यात छोटी तपकिरी झुरळं भरपूर असतात आणि त्यांची पिल्लं बघून लोक ढेकूण समजतात. झुरळाचं पिल्लू लांबट असतं, त्याच्या मिशा लांब असतात आणि बॅटरी मारली की ते सुसाट पळतं. ढेकूण रुंद, चपटा असतो आणि त्याचं चालणं संथ असतं. झुरळ त्रासदायक असलं तरी ते घरी येऊन गादीत बिऱ्हाड थाटत नाही, त्यामुळे हा फरक कळणं कामाचं आहे.

खुणा सापडल्या तर आधी फोटो काढा आणि मग टीसीला दुसरा बर्थ मागा. शेजारचा बर्थ मिळाला तर फारसा उपयोग नाही, कारण एकाच खणातल्या फटी एकमेकींना लागून असतात. दोन-तीन खण सोडून मिळाला तर बरं. गाडी भरलेली असेल आणि बर्थ मिळतच नसेल, तर पुढे सांगितलेली बॅगेची काळजी तरी कसोशीने घ्या. काही न होता पोचण्याची शक्यता त्यामुळे बरीच वाढते.

बॅग त्याला का आवडते

ढेकूण रक्त प्यायला की त्याला सगळ्यात जवळची अंधारी, अरुंद आणि दोन्ही बाजूंनी अंगाला लागणारी जागा हवी असते. रात्रभर उशाला ठेवलेली सॅक म्हणजे नेमकी तशी जागा. चेनीच्या कडेची दुमड, पाठीच्या पट्ट्याखालचा फोम, बाजूचा बाटलीचा कप्पा, चाकांच्या मागची खोबण, सगळीकडे त्याला अशीच फट मिळते.

त्यात वापरलेल्या कपड्यांची भर पडते. इंग्लंडमधल्या शेफील्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. खोलीत काही पिशव्यांमध्ये धुतलेले कपडे ठेवले, काहींमध्ये अंगावर घालून झालेले, आणि मधे ढेकूण सोडले. माणूस खोलीत नव्हता. तरीही वापरलेल्या कपड्यांच्या पिशव्यांवर धुतलेल्यांच्या दुपटीने ढेकूण गोळा झाले. माणसाच्या घामाचा वास कपड्यांत राहतो आणि त्या वासावर ते जातात. परतीच्या प्रवासात आपली बॅग मळक्या कपड्यांनीच भरलेली असते, म्हणून जाताना जेवढा धोका असतो त्याहून येताना जास्त असतो.

बॅग प्लास्टिकच्या तुकड्यावर ठेवली की झालं असं काही जण सांगतात. आपल्याकडे ते पुरत नाही. थंड देशांत आढळणारा ढेकूण गुळगुळीत पृष्ठभागावर घसरतो. भारतात उष्ण प्रदेशातली दुसरी जात जास्त आढळते आणि तिच्या पायांच्या टोकाशी बारीक चिकट केस जास्त असतात, त्यामुळे ती काचेवर आणि प्लास्टिकवरही चढते. परदेशी वेबसाइटवर दाखवलेले खाटेच्या पायाखाली ठेवायचे गुळगुळीत वाडगे आपल्याकडे का फसतात, त्याचं कारणही हेच. म्हणून प्लास्टिक खाली अंथरायचं नाही, त्यात बॅग घालून तोंड बंद करायचं.

हे करणं सोपं आहे. कचऱ्याच्या मोठ्या काळ्या पिशव्या मिळतात, त्यांतली सर्वात मोठी आणि जाड घ्या. बर्थखाली ठेवायची बॅग पूर्ण आत घाला, पिशवीचं तोंड पिळा, पिळलेला भाग दुमडा आणि त्यावर जाड रबर बँड लावा. नुसती गाठ मारली तर मधे बारीक वाट राहते. पिशवीला भोक पडलं तर उपयोग संपतो, म्हणून दोन पिशव्या जवळ ठेवा. ट्रॅव्हल्सच्या डिकीत बॅग टाकायची असेल तरी हेच करा, कारण तिथे ती रात्रभर इतरांच्या सामानाला चिकटून असते. काळ्या पिशवीत गुंडाळलेली बॅग चोराच्या नजरेलाही कमी पडते, हा आपोआप होणारा फायदा.

मळके कपडे आतमध्ये वेगळ्या, बंद होणाऱ्या पिशवीत ठेवा. वास बाहेर येणार नाही हे महत्त्वाचं. हाताशी लागणारी छोटी पर्स किंवा सॅक रात्री उशाला घेऊ नका. खिडकीशेजारच्या हुकाला लटकवा, मात्र भिंतीला टेकणार नाही इतकी सुटी. चोरीची भीती असेल आणि ती जवळच हवी असेल तर तीही बंद पिशवीत घालून मग जवळ घ्या.

अंथरुणासाठी फिकट रंगाची, सुती, मोठी चादर न्या. फिकट रंगावर रक्ताचा डाग, कात, चालणारं पिल्लू लगेच दिसतं. गडद सोलापुरी चादर प्रवासाला उबदार वाटते, पण तिच्यावर काहीच दिसत नाही आणि जाड विणीत अंडी लपतात. डबल बेडची चादर मधोमध दुमडून खालची आणि एक बाजू शिवून घेतली तर तिचं एक लांबट पोतं होतं, त्यात शिरून झोपता येतं. ढेकूण पातळ चादरीतून सहसा चावत नाही, उघडी कातडी शोधतो, त्यामुळे पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि मोजे यांनी चावे खूप कमी होतात. सकाळी उठल्यावर ही चादर घडी करून बॅगेत कोंबू नका. पॅसेजमध्ये नीट झटका, आतली बाजू बाहेर करून गुंडाळा आणि वेगळ्या पिशवीत बांधा. ती आता मळक्या कपड्यांच्याही पलीकडची, सर्वात संशयित वस्तू आहे.

डासांसाठी लावायचं क्रीम लावून झोपणं, बॅगेत डांबराच्या गोळ्या टाकणं, बर्थवर स्प्रे मारणं यांवर भरवसा ठेवू नका. क्रीमचा थोडा परिणाम असतो तो रात्रभर टिकत नाही. डांबराच्या गोळ्यांनी हवेशीर जागेतला ढेकूण मरत नाही. आणि घरगुती स्प्रेमधली जी औषधं असतात, त्यांना ढेकणांच्या बऱ्याच टोळ्या आता दाद देत नाहीत. वर्षानुवर्षं तीच औषधं वापरल्याने त्यांतून वाचलेल्यांची पिल्लं पुढे वाढली. स्प्रेने न मेलेला ढेकूण चिडून पसरतो आणि बर्थच्या फटीतून तुमच्या बॅगेकडे सरकतो.

एक बॅग, एक मादी आणि अडीच महिने

हे सगळं इतक्या काटेकोरपणे करायला का सांगतो आहे, ते एक उदाहरण घेऊन बघू. समजा पुण्यात शिकणारा एक मुलगा दिवाळीची सुट्टी संपवून नागपूरहून नॉन-एसी स्लीपर ट्रॅव्हल्सने निघाला. पायाशी सॅक, सॅकमध्ये वरच्या कप्प्यात वापरलेले कपडे. रात्री एक मादी रक्त पिऊन त्या सॅकच्या पट्ट्याखाली जाऊन बसली. १ नोव्हेंबरला सकाळी तो खोलीवर पोचला आणि सॅक कॉटखाली सरकवली. त्या रात्री त्याला चावा जाणवलाही नव्हता, कारण बऱ्याच लोकांच्या अंगावर काहीच उठत नाही.

एकदा फळलेली मादी पुढचे काही आठवडे नराशिवायच अंडी घालत राहते. पोट भरलेलं असेल तर दिवसाला दोन-तीन. म्हणजे १५ नोव्हेंबरपर्यंत सॅकच्या पट्ट्याखाली आणि कॉटच्या सांध्यात तीस-चाळीस अंडी झाली. साधारण आठ-दहा दिवसांनी पहिली पिल्लं निघाली. पिल्लाला मोठं व्हायला पाच वेळा कात टाकावी लागते आणि दर वेळी त्याआधी एकदा रक्त प्यावं लागतं. पुण्याच्या नोव्हेंबरच्या हवेत हे व्हायला पाच-सहा आठवडे, थंडी वाढली तर त्याहून जास्त लागतात. या काळात पिल्लांचे चावे पडतात पण ते इतके बारीक असतात की मुलगा डासांची कॉइल लावतो. खोलीतल्या दुसऱ्या कॉटवर झोपणाऱ्या मित्राच्या अंगावर तर काहीच उठत नाही, म्हणून दोघांनाही वाटतं की ही त्याच्या एकट्याची ॲलर्जी असावी.

डिसेंबरअखेर पहिल्या अंड्यांतून निघालेली पिल्लं स्वतः अंडी घालायला लागतात. जानेवारीच्या मध्यावर गादीच्या शिवणीत काळे ठिपके दिसतात आणि तेव्हा कुठे प्रश्न पडतो की हे आले कुठून. शेजारच्या खोलीवर, घरमालकावर, सेकंडहँड घेतलेल्या टेबलावर संशय घेतला जातो. नोव्हेंबरमधली बस कोणालाच आठवत नाही, कारण मधे अडीच महिने गेलेले असतात.

या उदाहरणात १ नोव्हेंबरच्या सकाळी अर्धा तास घालवला असता तर फक्त एका मादीला गाठायचं होतं. जानेवारीत तीच लढाई दोन कॉट, दोन गाद्या, पुस्तकांचं कपाट आणि विजेच्या बोर्डाच्या फटी यांच्याशी आहे.

घरी पोचल्यावर

बॅग पलंगावर किंवा सोफ्यावर ठेवायची नाही, पलंगाखाली तर नाहीच. थेट बाल्कनीत, न्हाणीघरात किंवा फरशीच्या मोकळ्या जागी न्या, जिथे गादी, पडदा, लाकडी फर्निचर लगत नसेल. तिथेच कपडे काढा, तिथेच बॅग रिकामी करा. रिकामी केलेली काळी पिशवी आतल्या आत दुमडून बाहेरच्या कचऱ्यात.

कपड्यांना लागते ती उष्णता. ढेकूण आणि त्याची अंडी ५५ अंशांच्या आसपास लगेच मरतात, ४८ अंशांना साधारण दीड तासात. थंड पाण्याने नेहमीसारखं धुतलं तर त्यातली अंडी जगतात. एका ब्रिटिश अभ्यासात कपडे २४ तास थंड पाण्यात भिजवल्यावर मोठे ढेकूण आणि पिल्लं मेली, पण अंडी वाचली. म्हणून वॉशिंग मशीनवर ६० अंशांचा पर्याय असेल तर तो लावा. नसेल तर बादलीत मोजून निम्मं उकळतं आणि निम्मं नळाचं पाणी घ्या. नळाचं पाणी २५ अंशांचं धरलं तर दोन्ही मिळून साठीच्या वर तापमान येतं. कपडे घातले की ते घसरतं, त्यामुळे उकळतं पाणी थोडं जास्त घ्या, कपडे काठीने पूर्ण बुडवा आणि झाकण ठेवून अर्धा तास ठेवा. मुलं जवळ नसतील तेव्हाच हे करा. ज्यांच्याकडे ड्रायर आहे त्यांनी कपडे कोरडेच जास्त तापमानावर अर्धा तास फिरवले तरी काम होतं. गरम पाण्यात न चालणाऱ्या सुती-रेशमी कपड्यांवर, विशेषतः शिवणींवर आणि नेफ्यावर, सावकाश इस्त्री फिरवा.

आमच्या आजी-पणज्यांच्या वेळी खाटेच्या सांध्यांवर किटलीतून उकळतं पाणी ओतायचे. उष्णता थेट फटीत पोचायची, त्यामुळे ती रीत बरोबर होती. उन्हात घालण्याची रीत मात्र अर्धीच कामाची आहे. दोरीवर टाकलेल्या चादरीवर ऊन पडलं की ढेकूण सावलीच्या बाजूला किंवा दुमडीत सरकतो. काळ्या पिशवीत एकेरी थर पसरून, तोंड बंद करून, विदर्भातल्या मे महिन्याच्या उन्हात गच्चीवर दुपारभर ठेवलं तर आतलं तापमान पन्नाशीच्या पुढे जाऊ शकतं. श्रावणातल्या कोकणात किंवा मुंबईत ते होणार नाही. पिशवीत साधा थर्मामीटर ठेवून कपड्यांच्या मधोमध किती तापलं ते बघा, कारण बाहेरून पिशवी पोळत असली तरी मधली घडी बऱ्याचदा गार असते.

सॅक धुता येत नसेल तर सगळे कप्पे उलटे करा, बॅटरी लावून शिवणी बघा, व्हॅक्यूम क्लीनरचं अरुंद तोंड लावून चेनीच्या कडा आणि चाकांच्या खोबणी ओढून घ्या. व्हॅक्यूमने चिकटलेली अंडी निघत नाहीत, म्हणून त्यानंतर वाफेची इस्त्री शिवणीवरून अगदी हळू फिरवा. व्हॅक्यूमची पिशवी लगेच बांधून बाहेर टाका. पुस्तकं, चामड्याची पाकिटं, चपला अशा वस्तू पिशवीत बांधून डीप फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांना चार दिवस ठेवता येतात. एका दाराच्या फ्रिजमधला बर्फाचा कप्पा इतका थंड होत नसतो, त्यामुळे त्यात ठेवून निश्चिंत होऊ नका. आणि बॅग पोटमाळ्यावर टाकून ढेकूण उपाशी मरेल असंही समजू नका. पोट भरलेला मोठा ढेकूण उन्हाळ्यात दोनेक महिने, थंडीत त्याहून बरेच जास्त दिवस काही न खाता काढतो.

चावे पडलेच असतील तर ते बहुधा मान, हात, पाय अशा उघड्या भागांवर, दोन-तीन एका ओळीत असे दिसतात. पण डासाच्या किंवा ॲलर्जीच्या गांधीही तशाच दिसू शकतात, आणि खाज कधी काही तासांत तर कधी आठवड्या-दोन आठवड्यांनी सुटते. त्यामुळे नुसत्या गांधी बघून घरात ढेकूण आहेत असं ठरवू नये, आणि गांधी नाहीत म्हणून नाहीत असंही धरू नये. गार पाण्याची पट्टी आणि कॅलामाइन लोशन बहुतेकांना पुरतं. ढेकणाच्या चाव्यातून माणसाला एखादा रोग पसरतो असं आजवर सिद्ध झालेलं नाही. खाजवून जखम चिघळली, तोंड सुजलं किंवा दम लागला तर मात्र डॉक्टरांकडे जा.

घरात पुढे ढेकूण निघालेच तर एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. धान्याला लावतात ती सल्फासची गोळी किंवा पूड खोलीत ठेवू नका, कोणी स्वस्तात ठेवून देतो म्हणाला तरी नाही. त्यातून निघणारा वायू भिंतीच्या फटीतून शेजारच्या खोलीत जातो आणि झोपलेली माणसं, लहान मुलं दगावतात. घासलेट गादीवर शिंपडणंही आग लागायला पुरेसं आहे. परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा आणि पहिल्या फवारणीनंतर दहा ते पंधरा दिवसांनी दुसरी फवारणी ठरवूनच पैसे द्या, कारण पहिल्या वेळी अंड्यात असलेली पिल्लं तोवर बाहेर आलेली असतात.

तक्रार कशी लिहावी

प्रवासात ढेकूण दिसले तर रेल्वेसाठी १३९ वर किंवा रेलमदद ॲपवर तक्रार करता येते, आणि गाडीत असतानाच केलेली बरी. मात्र नुसतं पीएनआर, एस-५ आणि बर्थ नंबर लिहून भागत नाही. आज एस-५ म्हणून लावलेला डबा पुढच्या फेरीत एस-८ असू शकतो किंवा दुसऱ्याच गाडीला जोडलेला असू शकतो. डब्याच्या बाहेरच्या बाजूला मोठ्या आकड्यांत पाच-सहा आकडी क्रमांक रंगवलेला असतो. फवारणी त्याच डब्यात व्हायची असेल तर तो क्रमांक तक्रारीत हवा. सोबत शिवणीतल्या ठिपक्यांचा फोटो आणि शक्य असेल तर ओल्या टिश्यूवरचा तांबडा ओघळ दाखवणारा फोटो जोडा.

ट्रॅव्हल्सच्या बाबतीत गाडीचा नोंदणी क्रमांक, तिकीट, बर्थ नंबर, कंडक्टरला कधी सांगितलं ती वेळ, आणि डॉक्टरकडे गेला असाल तर चिठ्ठी सांभाळून ठेवा. २०२२ साली मंगळुरूहून बेंगळुरूला खासगी स्लीपर बसने जाताना ढेकूण चावलेल्या एका प्रवासी महिलेने ग्राहक आयोगात दाद मागितली आणि दक्षिण कन्नड जिल्हा आयोगाने तिला लाखाहून जास्त भरपाई द्यायला सांगितली. असा दावा उभा राहतो तो रात्रीच काढून ठेवलेल्या फोटोंवर आणि कागदांवर. बस स्वच्छ करून परत निघाल्यावर पुरावा गोळा करायला काहीच उरत नाही, म्हणून उतरण्याआधी गादीचा कोपरा उचललेला एक फोटो आणि बाहेर आल्यावर नंबर प्लेटचा एक फोटो, दोन्ही काढा.